'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे': बातमीतला भुसा उफणा, पण दाणा सांडू नका



आजची पोस्ट थोडी लांब आहे आणि आमच्याच बिरादरीवर आहे. म्हणजे बातम्या लिहिणाऱ्यांवर. त्यात मीही आलोच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात एका दैनिकासाठी मी सोयाबीन पेरणीवर माहितीपर लेख लिहिला होता. चांगला अर्धा पान छापून आला. पंधरा-वीस दिवसांनी अनसिंगच्या चौकात चहाच्या टपरीवर ओळखीचे एक काका भेटले. दोन सरी पडल्यावर त्यांनी पेरलं होतं, मग पावसानं दडी मारली आणि अर्ध्या वावरात दुबार पेरणीची वेळ आली. मी शहाणपणानं म्हटलं, "काका, मी तर पेपरात लिहिलं होतं ना, पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून." काका म्हणाले, "बाप्पा, तुह्या बातमीच्या पहिल्या पाच ओळी वाचल्या. त्यात कामाचं काहीच नव्हतं. म्हणून ठेवून देल्ला पेपर."

घरी येऊन कात्रण काढलं. काका खरं बोलत होते. पहिल्या पाच ओळींत काय होतं? 'शेतकरी बांधवांनी हे लक्षात घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे की', 'येथे उल्लेखनीय बाब म्हणजे', 'विशेष म्हणजे'. पावसाचा आकडा सहाव्या ओळीत आणि तोही 'साधारणपणे असे सांगितले जाते' अशा गोधडीत गुंडाळलेला. काकांनी तो आकडा वाचला असता तर थांबले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेजारच्यानं तिफण काढली की सगळ्यांचेच हात शिवशिवतात. पण वाचायची संधी मी त्यांना दिली नाही, एवढं नक्की.

तेव्हापासून मी ही वाक्यं माझ्या लिखाणातून उपटतो आहे. आणि उपटता उपटता एक मोठी चूकही केली. तीही सांगतो, कारण आज बरेच तरुण पत्रकार तीच करत आहेत.

आधी तो परिच्छेदच बघा. माझ्या लेखातला मजकूर साधारण असा होता:

"शेतकरी बांधवांनी हे लक्षात घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे की, सोयाबीनची पेरणी करण्यापूर्वी पुरेसा पाऊस होणे आवश्यक असते. येथे उल्लेखनीय बाब म्हणजे, तज्ज्ञांच्या मते साधारणपणे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे सांगितले जाते. विशेष म्हणजे, घरचे बियाणे वापरताना उगवण क्षमता तपासणे गरजेचे आहे, हे विसरून चालणार नाही. सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल की, 70 टक्के उगवण असल्यास बियाणे पेरणीयोग्य मानले जाते. तसेच बियाणे जास्त खोल पडू नये, याकडे लक्ष देणे देखील तितकेच महत्त्वाचे ठरते."

76 शब्द. आता यातलं एक एक वाक्य धरा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे शब्द काढले तर वाक्य खोटं होतं का? आणि हे शब्द काढले तर शेतकरी वावरात काही वेगळं करेल का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर तो भुसा आहे, उडवा.

'हे लक्षात घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे की' काढलं. काही बिघडलं? नाही. 'येथे उल्लेखनीय बाब म्हणजे'? अरे, उल्लेख केलाच आहेस ना, मग उल्लेखनीय कशाला सांगतोस? 'हे विसरून चालणार नाही', 'तितकेच महत्त्वाचे ठरते', सगळं गेलं. शिवाय सगळंच महत्त्वाचं, विशेष आणि उल्लेखनीय म्हटलं की वाचणाऱ्याला खरंच महत्त्वाचं कोणतं ते ओळखायला जागाच राहत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. माझी दुसरी चूक इथून पुढे झाली. उत्साहाच्या भरात पुढच्या वर्षी मी तोच मजकूर असा केला:

"75 मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीन पेरा. 70 टक्के उगवणारं बियाणं वापरा. खोल पेरू नका."

वाचायला काय झकास! पंधरा शब्दांत काम फत्ते. आणि तरी हे आधीच्या 76 शब्दांपेक्षा वाईट आहे. '75 ते 100' मधला 'ते 100' गेला, म्हणजे किमान आकडा हाच पुरेसा आकडा झाला. 'झाल्याशिवाय पेरू नका' ही मनाई होती, तिची 'झाला की पेरा' अशी परवानगी झाली. भारी काळ्या जमिनीचा माणूस आणि हलक्या बरड जमिनीचा माणूस दोघंही 75 वर तिफण काढणार, आणि बरड रान तर ओल लवकर सोडतं. 'खोल पेरू नका' म्हणजे किती? कोणाचं खोल? 'घरचे बियाणे' ही अट तर मी भुसा समजून उडवून टाकली होती.

2020 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला होता, ते आठवा. दोष बियाण्याचा, पावसाचा की खोल पेरणीचा, यावर गावोगाव वाद झाले. अशा वेळी बातमीतल्या अटीच कामाच्या असतात. अट उडवली की शेतकऱ्याच्या हातात उरतो फक्त हुकूम, आणि तो फसला की पत्रकार मोकळा.

मग बरोबर काय? मी आता असं लिहितो:

"कृषी विभागाचा सल्ला: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरा. घरचं बियाणं असेल तर आधी 100 दाणे उगवून पाहा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. दाणा 3 ते 5 सेंटीमीटर खोल पडू द्या, त्याहून खोल नको."

48 शब्द. मूळ मजकुरापेक्षा 28 कमी, आणि माहिती जास्त. 'तज्ज्ञांच्या मते' होतं तिथे कोण सांगतंय ते आलं. 'पेरणीयोग्य मानले जाते' होतं तिथे काय करायचं ते आलं. 100 पैकी 60 च दाणे उगवले तर 30 ऐवजी 35 किलो लागेल, हा हिशोब वाचणारा स्वतः मांडू शकतो. 'जास्त खोल' होतं तिथे आकडा आला. तो आकडा बोटाच्या पेरांवर मोजता येतो.

आणि ते 'महत्त्वाचे आहे' कुठे गेलं? 'झाल्यावरच' मधल्या 'च' मध्ये. आपल्या मराठीनं दिलेलं एक अक्षर आहे ते! इंग्रजीतून उचललेलं 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की' हे पाच-सहा शब्दांचं ओझं तो 'च' एकटा उचलतो. आईनं कधी पोराला 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की गॅस बंद करावा' असं सांगितलंय का? ती म्हणते, "गॅस बंद करूनच नीघ." झालं. तसंच 'सूत्रांकडून प्राप्त माहितीनुसार असे समजते' याला आपल्याकडे एक शब्द आहे: 'म्हणे'. बातमीत 'म्हणे' चालत नाही हे मला कळतं. पण 'असे समजते' लिहिताना आपण 'म्हणे' च लिहितोय, फक्त कोट-टाय घालून, एवढी लाज तरी वाटली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. सगळे गुळमुळीत दिसणारे शब्द भुसा नसतात. काही शब्द दिसतात भुशासारखे आणि आत पक्का दाणा असतो. याचं उत्तम उदाहरण हवामान खात्याचा अंदाज.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आपल्याकडे रोज फिरतो. त्यात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द असतात. आमच्यातले पुष्कळ जण समजतात की ही खात्याची सावध सरकारी भाषा आहे. मग बातमी चटपटीत करायला पहिली कात्री त्यावरच चालते, आणि मथळा होतो, 'वाशिम जिल्ह्यात आज वादळी पाऊस!'

पण ते शब्द मापाचे आहेत. पायली-शेरासारखे. तुरळक म्हणजे फार तर चौथा हिस्सा ठिकाणी, 25 टक्क्यांपर्यंत. काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50 टक्के. बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75. बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याच्या वर. तुम्ही 'तुरळक' उडवलं, म्हणजे चारपैकी तीन गावांना तुम्ही खोटं सांगितलं. चार दिवस ओळीनं असं झालं की पाचव्या दिवशी खरा ऑरेंज अलर्ट आला तरी माणूस म्हणतो, 'पेपरवाले रोजच पाऊस पाडतात.' आणि कापलेली तूर उघड्यावर भिजते. दोष कोणाला देतात? हवामान खात्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

'शक्यता' या शब्दाचंही तेच. खात्याच्या इंग्रजी पत्रकात 'लाइकली' म्हणजे 26 ते 50 टक्के शक्यता. जागतिक हवामान बदलावर अहवाल देणारी आयपीसीसी तोच 'लाइकली' शब्द 66 टक्क्यांच्या वरच्या शक्यतेला वापरते. एकच शब्द, दोन मापं. आपण दोन्हींचं मराठी करताना नुसतं 'शक्यता आहे' लिहून मोकळे होतो. अशा ठिकाणी शब्द काढायचा नाही आणि तसाच ठेवायचाही नाही. कंसातला टक्का मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत आणायचा. 'शंभरातून फार तर पन्नास वेळा असं होतं' हे चहाच्या टपरीवरही कळतं.

याच्या उलट, काही शब्द दिसतात सावध आणि असतात चक्क खोटारडे. आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका शब्द घ्या: 'ढगफुटीसदृश पाऊस'. दर पावसाळ्यात चार-सहा वेळा तरी छापून येतो. ढगफुटी कशाला म्हणतात? हवामान खात्याच्या हिशोबानं एका छोट्या भागावर तासाभरात 100 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. आपल्याकडे नाला भरून वाहिला, दोन घरांत पाणी घुसलं की झाली ढगफुटी. पण मोजलेलं नाही, म्हणून मागे 'सदृश' लावायचं. घाबरवायचं पूर्ण आणि जबाबदारी घ्यायची नाही. 'अतिवृष्टीसदृश' तर त्याहून कहर, कारण अतिवृष्टी हा आपल्याकडे महसुली शब्द आहे. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. पंचनामा, 33 टक्क्यांच्या वरचं नुकसान, मदत, ही सगळी गाडी त्या आकड्याच्या पाठीमागे चालते. 64 ला 'सदृश' म्हणून मदत मिळत नाही हो!

मग 'सदृश' काढून नुसतं 'अतिवृष्टी' लिहायचं का? नाही. तीच माझी दुसरी चूक पुन्हा होईल. तिथे आकडा शोधायचा. मंडळनिहाय पावसाची नोंद रोज मिळते. महावेधची स्वयंचलित केंद्रं मंडळ पातळीवर आहेत, तहसीलमध्येही तक्ता असतो. समजा तक्त्यात 58 मिलिमीटर दिसतंय. मग लिहा: "मंडळात सकाळपर्यंतच्या 24 तासांत 58 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अतिवृष्टीची मर्यादा 65 आहे. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे की केंद्र लांब आहे आणि त्यांच्या वावरात याहून जास्त पाऊस झाला." यात एकही गुळमुळीत शब्द नाही, एकही खोटा शब्द नाही, आणि खरा प्रश्न समोर आला. पावसाचं माप कुठे बसवलंय आणि त्यावर कोणाची मदत अडते, हा तो प्रश्न. 'अतिवृष्टीसदृश' लिहून तो प्रश्न आपण गाडून टाकत होतो. तहसीलदाराला उत्तर द्यावं लागत नव्हतं आणि आपल्याला तक्ता बघावा लागत नव्हता. दोघंही खूश. वावर मात्र खरडलेलंच.

आता आमचे मित्र काय म्हणतात ते सांगतो, कारण त्यांचं सगळंच चूक नाही.

एक म्हणतात, "भाऊ, असे शब्द काढले की बातमी उद्धट वाटते. वडीलधाऱ्या शेतकऱ्याला 'पेरा', 'पाहा' असं हुकूम सोडल्यासारखं बोलायचं का?" मुद्दा रास्त आहे. पण आदर 'शेतकरी बांधवांनी हे लक्षात घेणे आवश्यक आहे' यात आहे का? हे तर मास्तर छडी घेऊन बोलल्यासारखं आहे. ज्यानं तीस पावसाळे वावरात काढले त्याला 'लक्षात घ्या' म्हणणारा मी कोण? त्याचा वेळ न खाता, पूर्ण अटीसकट माहिती देणं हाच मान.

दुसरे म्हणतात, "कायद्याचं काय? 'कथित', 'समजते', 'आरोप आहे' हे काढलं तर उद्या नोटीस येईल." इथे मी त्यांच्या बाजूनं आहे, पण अर्धाच. गुन्हा दाखल झालाय आणि निकाल लागलेला नाही, तेव्हा 'आरोप' हा शब्द दाणा आहे. तो काढला की बातमी खोटी होते आणि एका माणसाचं नाव कायमचं खराब होतं. तो शब्द मरेपर्यंत ठेवा. पण त्याच्या भोवती कोणी आरोप केला, कुठल्या ठाण्यात, कधी, आणि समोरच्याचं म्हणणं काय, हे लिहा. हे चार तपशील नसतील तर नुसतं 'कथित' हे चिलखत नाही. बदनामीच्या दाव्यात 'मी कथित लिहिलं होतं साहेब' एवढ्यावर सुटका होईल या भ्रमात राहू नका.

तिसरे काहीच म्हणत नाहीत, पण खरं कारण त्यांच्याकडे आहे. जागा भरायची असते. बातमीदार तालुक्याचा, मानधन तुटपुंजं, सायंकाळी सहाला फोन, 'अर्धा पान रिकामं आहे, दे काहीतरी'. तक्ता आणायला तहसीलला जायचं तर वाशिम गाठावं लागतं, पेट्रोल स्वतःचं. मग 'विशेष म्हणजे', 'उल्लेखनीय बाब म्हणजे' यांनी जागा भरते. मला हे माहीत आहे, कारण मी हेच केलंय. भुसा हा आळसापेक्षा गरिबीतून जास्त येतो, हे मालक-संपादकांनी ऐकावं. 48 शब्दांच्या पक्क्या मजकुराला 76 शब्दांच्या पोकळ मजकुराएवढेच पैसे द्या, मग बघा भुसा कसा कमी होतो. शब्द मोजून पैसे देणार तर शब्दच मिळणार.

माझी पद्धत आता साधी आहे. बातमी लिहून झाली की असे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करतो. प्रत्येकाचे तीनच निकाल लागतात. काढल्यावर वाक्य खरंच राहिलं आणि वाचणाऱ्याचं काहीच बदललं नाही, तर काढला. काढल्यावर वाक्य खोटं झालं, तर ती अट आहे, ठेवला. आणि शब्द मोघम आहे, 'साधारणपणे', 'तज्ज्ञांच्या मते', 'सदृश', तर किती, कोण, कुठे, कधी हे विचारून त्याच्या जागी उत्तर लिहिलं. उत्तर मिळालं नाही, तर ते वाक्य छापायला देत नाही. माहितीपर लेखाची शेवटी एक उलटी तपासणीही करतो. छाटलेला मजकूर घरात कोणालातरी वाचायला देतो आणि विचारतो, 'यावरून तू काय करशील?' त्याचं उत्तर मूळ माहितीपेक्षा जास्त ठाम आलं, म्हणजे माझी कात्री दाण्यावर चालली.

उफणणी पाहिली आहे ना सगळ्यांनी? वारा कमी असेल तर भुसा दाण्यातच राहतो. वावटळ आली तर दाणाही उडून जातो. जुनी माणसं वारा बघूनच सूप उचलायची.

त्या काकांना या वर्षीचं कात्रण मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आता पाऊस किती झाला ते कुठी पाहायचं, तेबी लिहीत जा." म्हणजे अजून एक वाक्य राहिलंच होतं.

तर मंडळी, मंडळाचा पाऊस रोज पहिल्या ओळीत, आकड्यात. ही माझी जबाबदारी. माझ्या लिखाणात 'लक्षात घेणे महत्त्वाचे आहे' किंवा 'सदृश' दिसलं तर चौकात थांबवून कान धरा. चहा माझ्याकडून.

— तुमचाच, अनसिंगहून